मध्येच पडलेला पेमेंट जॉब पुन्हा चालवताना पैसे दोनदा का जातात, आणि ते कसे थांबवावे

पुणे जिल्ह्यात दुधाचे बिल बहुतेक ठिकाणी दहा-दहा दिवसांचे असते: एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. कालावधी संपला की प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांवरून रक्कम निघते, पशुखाद्याची आणि उचलीची कपात होते आणि उरलेले पैसे बँक खात्यात जातात. शिरूर-दौंड पट्ट्यातील अशाच एका संस्थेची कल्पना करू. तिचे ४१२ उत्पादक आहेत आणि तिचे सॉफ्टवेअर कोथरूडमधील एक छोटी कंपनी सांभाळते. २१ मार्च २०२५ च्या पहाटे अडीच वाजता ठरलेला जॉब सुरू होतो आणि ११ ते २० मार्च या काळाचे पैसे एकेका उत्पादकाला पाठवू लागतो. १८७ व्या उत्पादकापाशी सर्व्हरची मेमरी संपते आणि जॉब मरतो. सकाळी नऊ वाजता कामावर आलेल्या माणसासमोर एकच प्रश्न असतो: पुन्हा चालवायचा का?

ज्या जॉबबद्दल या प्रश्नाचे उत्तर डोळे मिटून ‘चालवा’ असे देता येते, त्याला आयडेम्पोटंट म्हणतात. तो एकदा चालवला काय आणि पाच वेळा चालवला काय, उत्पादकाच्या खात्यात रक्कम एकदाच पडते. हा गुण जॉबला नंतर चिकटवता येत नाही, कारण तो कोणत्याही एका ओळीत नसतो. कोणती गोष्ट आधी लिहायची, कोणती नंतर करायची आणि बँकेला कोणत्या नावाने ओळख द्यायची, या निर्णयांतून तो तयार होतो.

बहुतेक जुन्या जॉबचे हृदय साधारण असे असते:

```python
for d in unpaid_dues(period):
    bank.pay(d.account, d.ifsc, d.amount)
    mark_paid(d.id)
```

वाचायला हे निर्दोष वाटते, कारण ज्यांचे पैसे दिलेले नाहीत त्यांनाच ते निवडते. मग पुन्हा चालवले तरी बिघडणार काय? बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधल्या फटीत आहे. १८७ व्या उत्पादकाची विनंती बँकेपर्यंत पोहोचली, बँकेने पैसे पाठवले, आणि बँकेचे उत्तर येण्याआधी किंवा ते आल्यावर `mark_paid` होण्याआधी आपला प्रोग्राम गेला. आपल्या डेटाबेसच्या दृष्टीने या माणसाला पैसे मिळालेलेच नाहीत. सकाळचा जॉब त्याला पुन्हा निवडेल आणि पुन्हा पैसे पाठवेल.

यावर अनेकांचा पहिला उपाय म्हणजे सगळा लूप एका डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणे, म्हणजे ‘सगळे होईल किंवा काहीच होणार नाही’. हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट आहे. प्रोग्राम पडला की डेटाबेस आधीच्या १८६ उत्पादकांपुढच्या ‘दिले’ या खुणाही पुसून टाकतो, पण बँकेने पाठवलेले पैसे काही मागे येत नाहीत. त्यामुळे जी चूक एका माणसापुरती होती ती १८७ माणसांपर्यंत जाते. आपला डेटाबेस आणि बँकेची यंत्रणा या दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हींना एकाच वेळी बांधून ठेवणारा व्यवहार आपल्या हातात नाही, हे एकदा मान्य केले की पुढचा विचार सोपा होतो.

मग क्रम उलटा केला तर? आधी ‘दिले’ अशी खूण करायची आणि मग बँकेला सांगायचे. आता दुप्पट पैसे जाणार नाहीत, पण मध्येच प्रोग्राम पडला तर एखाद्या उत्पादकाला पैसे न मिळताच त्याच्या नावापुढे ‘दिले’ लागेल. दोन चुकांपैकी एक निवडायचीच असेल तर मी ही निवडेन, कारण पैसे न मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात येऊन सांगतो, दोनदा मिळालेला क्वचितच येतो. शिवाय गेलेली जादा रक्कम त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून परत ओढता येत नाही; पुढच्या बिलातून कापावी लागते आणि त्याने तोवर दूध दुसरीकडे घालायला सुरुवात केली असेल तर तेही जमत नाही. पण निवड या दोहोंतच करावी लागते असे नाही. ‘दिले’ आणि ‘दिले नाही’ या दोनच अवस्था ठेवल्यामुळे आपण अडकलो आहोत. खरी तिसरी अवस्था आहे, ‘पाठवायला घेतले, काय झाले ते माहीत नाही’, आणि तिला डेटाबेसमध्ये जागा दिली पाहिजे.

चेकबुकाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. चेकवर क्रमांक आधीच छापलेला असतो, नीटनेटका माणूस स्थळप्रत आधी भरतो आणि मग चेक फाडून देतो. देताना काही गोंधळ झाला तर तो दुसरा चेक लिहीत नाही. स्थळप्रतीवरचा क्रमांक घेऊन बँकेत विचारतो की हा चेक वटला का. आपल्या जॉबला याच तीन गोष्टी हव्या आहेत: आधी ठरलेला क्रमांक, आधी केलेली नोंद आणि शंका आली तर विचारण्याची सोय.

क्रमांकापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. प्रत्येक देण्याला एक किल्ली हवी आणि ती त्या देण्याच्या व्यावहारिक ओळखीवरून निघाली पाहिजे: कोणाला, कोणत्या कालावधीचे, कशाबद्दल. १०४७ क्रमांकाच्या उत्पादकाचे ११ मार्चपासून सुरू होणाऱ्या कालावधीचे दूध बिल ही ओळख आज, उद्या किंवा महिन्याने कितीही वेळा काढली तरी तीच निघते. याउलट जॉब चालू असताना तयार केलेली यादृच्छिक किल्ली दुसऱ्यांदा वेगळी निघते, म्हणजे ती किल्ली उरतच नाही. यादीतला अनुक्रमांक वापरला तर मधल्या एका उत्पादकाची नोंद रद्द होताच पुढच्या सर्वांच्या किल्ल्या एकाने सरकतात.

जॉब चालल्याची तारीख किल्लीत घालणे ही सर्वांत फसवी चूक आहे, कारण चाचणीत ती दिसत नाही. क्लाउडवरच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर लावलेले असते, जे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. २१ मार्चच्या पहाटे अडीच वाजता, म्हणजे पुण्यात सगळे झोपलेले असताना, त्या सर्व्हरवर २० मार्चचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पहाटेच्या जॉबने किल्लीत २० तारीख घातली. सकाळी नऊला कुणी तोच जॉब हाताने चालवला तेव्हा सर्व्हरवर २१ मार्चचे साडेतीन वाजले होते, म्हणून किल्लीत २१ तारीख आली. दोन वेगळ्या किल्ल्या, म्हणून दोन वेगळी देणी, म्हणून दोनदा पैसे. त्यामुळे कालावधी घड्याळावरून काढू देऊ नये, तो जॉबला बाहेरून सांगावा, आणि पुन्हा चालवताना तोच सांगावा:

```
pay_dues --period-start 2025-03-11
```

किल्लीत रक्कम घालावी का, असा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. पहाटे १०४७ ला ८,४३६ रुपये ५० पैसे गेले. त्यानंतर संकलन केंद्रावरच्या कुणीतरी एका सकाळचे फॅट दुरुस्त केले आणि हिशेब ८,४९१ झाला. किल्लीत रक्कम असेल तर हे नवेच देणे ठरते आणि पूर्ण ८,४९१ पुन्हा जातात. योग्य वागणूक अशी की देणे एकदा गोठले की गोठले. साडेचोपन्न रुपयांचा फरक पुढच्या बिलात स्वतंत्र ओळ म्हणून यावा.

उलट बाजूने किल्ली फार ढोबळही नसावी. उत्पादक आणि कालावधी एवढीच किल्ली ठेवली तर दिवाळीच्या वेळी दर फरकाची रक्कम द्यायची वेळ आली आणि तिच्या नोंदीत त्याच कालावधीची सुरुवातीची तारीख असली की जॉब तिला ‘आधीच दिले’ म्हणून गाळेल. म्हणून देण्याचा प्रकार हा तिसरा घटक लागतो, बिल किंवा फरक.

ही ओळख केवळ प्रोग्रामरच्या शिस्तीवर सोडायची नाही. ती डेटाबेसला सांगायची, म्हणजे दोन प्रती एकाच क्षणी चालल्या तरी दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. पोस्टग्रेसमध्ये तीन कॉलमवर युनिक बंधन घालून नोंद अशी करता येते:

```sql
INSERT INTO due (producer_id, period_start, kind, amount)
VALUES (1047, '2025-03-11', 'BILL', 8436.50)
ON CONFLICT (producer_id, period_start, kind) DO NOTHING;
```

शेवटचे `DO NOTHING` जाणीवपूर्वक आहे. तिथे `DO UPDATE` लिहून रक्कम ताजी करण्याचा मोह होतो, पण मग पाठवलेली रक्कम एक आणि नोंदीतली दुसरी असे होते आणि बँकेच्या उताऱ्याशी ताळा कधीच बसत नाही. नोंद आधीच असेल आणि नवी रक्कम वेगळी निघत असेल तर जॉबने तो फरक लॉगमध्ये ठळक लिहावा आणि पुढे जावे.

आता पाठवणे. देणे आणि ते देण्याचा प्रयत्न या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात आणि दोन वेगळ्या टेबलांत ठेवाव्यात, कारण एका देण्यासाठी कधीकधी दोन प्रयत्न खरोखरच करावे लागतात. उत्पादकाने दिलेला आयएफएससी चुकीचा निघतो, खाते बंद असते, बँक विनंती नाकारते. अशा वेळी माहिती दुरुस्त करून पुन्हा पाठवणे योग्यच आहे. प्रयत्नाला स्वतःचा संदर्भ असतो, उदाहरणार्थ `D1047-20250311-BILL-1`, आणि बँकेला आपण पाठवतो तो हाच. बँकेचा यूटीआर क्रमांक इथे उपयोगाचा नाही, कारण तो आपल्याला बँकेकडून मिळतो आणि आपल्याला तर उत्तर न मिळाल्यावरही हातात असेल असा क्रमांक हवा आहे. संदर्भाला बँक किती अक्षरे देते तेही आधी पाहून घ्यावे. लांब संदर्भ कुठेतरी तोडला गेला आणि शेवटचा भागच गळला तर बिल आणि फरक यांचा संदर्भ एकच होऊन बसतो.

एका उत्पादकासाठीची पावले मग अशी होतात. प्रथम प्रयत्नाची नोंद `READY` अवस्थेत होते. मग ती `SENT` केली जाते आणि ट्रान्झॅक्शन तिथेच कमिट होते. त्यानंतरच बँकेला विनंती जाते. उत्तर आले की नोंद `SUCCESS` किंवा `FAILED` होते आणि यूटीआर लिहिला जातो. `SENT` करण्याची ओळ अशी लिहावी:

```sql
UPDATE attempt SET status = 'SENT', sent_at = now()
WHERE id = 90187 AND status = 'READY';
```

या आज्ञेने किती नोंदी बदलल्या ते पाहायचे. एक बदलली तर हा प्रयत्न आपला, बँकेला विनंती करा. शून्य बदलल्या तर दुसऱ्या कुणीतरी तो उचललेला आहे, सोडून द्या. पहाटेचा जॉब लटकलेला असताना सकाळी कुणी दुसरा सुरू केला तरी या एका अटीमुळे दोघे एकाच उत्पादकाला पैसे पाठवू शकत नाहीत. एका वेळी एकच जॉब चालावा म्हणून वेगळे कुलूप लावायला हरकत नाही, त्याने गोंधळ कमी होतो. पण कुलपावर विसंबू नये, कारण कुलपे जोडणी तुटली की सुटतात आणि मागे राहिलेला जॉब आपल्याकडे अजून कुलूप आहे अशा समजुतीत काम करत राहतो.

`SENT` म्हणजे ‘पाठवले’ असा अर्थ घेऊ नये. त्याचा अर्थ एवढाच की यापुढे बँकेला न विचारता पाठवायचे नाही. कमिट झाल्यावर आणि विनंती निघण्याआधी सर्व्हर पडला असेल तर बँकेला काहीच माहीत नाही. विनंती गेल्यावर पडला असेल तर पैसे गेले आहेत. आपल्या बाजूने ही दोन्ही दृश्ये अगदी सारखी दिसतात. म्हणून पुन्हा चालवलेल्या जॉबने नव्या देण्यांना हात लावण्याआधी सगळ्या `SENT` नोंदी गोळा करून त्यांच्या संदर्भाने बँकेच्या स्थिती विचारण्याच्या एपीआयला एकेक विचारले पाहिजे.

आपल्या उदाहरणात सकाळी नऊला काय घडते ते पाहू. देण्यांची नोंद पुन्हा करायला जाताच ४१२ च्या ४१२ नोंदी आधीच आहेत म्हणून काहीच होत नाही. १८६ प्रयत्न `SUCCESS` आहेत, त्यांना कुणी शिवत नाही. एक प्रयत्न `SENT` आहे, १८७ वा. जॉब बँकेला त्याचा संदर्भ विचारतो, बँक यशस्वी असे सांगते आणि यूटीआर देते, नोंद `SUCCESS` होते. उरलेले २२५ `READY` आहेत, ते नेहमीप्रमाणे जातात. इथे कुणालाही हाताने यादी छाटावी लागली नाही, आणि हाताने यादी छाटणे ही माझ्या मते दुप्पट पेमेंटची सर्वांत सुपीक जमीन आहे.

अवघड प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा बँक म्हणते, ‘हा संदर्भ सापडत नाही.’ पहिली प्रतिक्रिया असते की म्हणजे पोहोचलेच नाही, पाठवा पुन्हा. पण बँकेची विनंती स्वीकारणारी यंत्रणा आणि स्थिती सांगणारी यंत्रणा एकच असेल असे नाही. विनंती एखाद्या रांगेत पडून असेल आणि दोन मिनिटांनी पुढे सरकेल. त्यामुळे ‘सापडत नाही’ हे उत्तर विनंतीनंतर लगेच आले तर त्याला काहीच अर्थ नाही. किती वेळ गेल्यावर ते अंतिम मानायचे हे बँकेच्या तांत्रिक दस्तऐवजात शोधावे, नसेल तर बँकेकडून लेखी घ्यावे. आणि त्यानंतरही पुन्हा पाठवायचे तर तोच संदर्भ घेऊन पाठवायचे, नवा नाही. पहिली विनंती उशिरा का होईना जागी झाली तर दोन्हींचा संदर्भ एकच असल्याने बँक दुसरी नाकारेल. अर्थात बँक हे संदर्भ किती दिवस लक्षात ठेवते यालाही मर्यादा असते. काही पेमेंट सेवा ते जेमतेम दिवसभर जपण्याची हमी देतात. शुक्रवारी रात्री पडलेला जॉब सोमवारी सकाळी चालवणाऱ्याने बँकेच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवू नये, त्याने आधी स्थिती विचारावी आणि खात्याचा उतारा पाहावा.

बँकेचे उत्तर वाचतानाही एक सापळा आहे. त्याच संदर्भाची दुसरी विनंती गेली की बऱ्याच बँका ‘दुबार संदर्भ’ अशी त्रुटी परत करतात. घाईत लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक त्रुटीला अपयश समजतो, नोंद `FAILED` करतो, आणि अपयश आले म्हणून दुसरा प्रयत्न नव्या संदर्भाने तयार करतो. म्हणजे ज्या सुरक्षेने आपल्याला वाचवले तिच्याच उत्तरामुळे आपण पैसे दुसऱ्यांदा पाठवले. दुबार संदर्भाचे उत्तर आले तर त्याचा अर्थ ‘पहिल्या विनंतीचे काय झाले ते विचारा’ असा घ्यायचा. टाइमआउट झाला किंवा बँकेच्या सर्व्हरकडून ५०० च्या घरातली त्रुटी आली तरी नोंद `SENT` वरच राहू द्यावी. खाते क्रमांक चुकीचा, आयएफएससी अस्तित्वात नाही, असे स्पष्ट आणि अंतिम नकारच काय ते `FAILED` होतात. नेटवर्कसाठी वापरलेली लायब्ररी टाइमआउटनंतर आपणहून पुन्हा विनंती करते का, हेही एकदा पाहावे. करत असेल तर निदान तोच संदर्भ जातो ना याची खात्री करावी.

दुसरा प्रयत्न केव्हा चालेल, हा नियमही डेटाबेसलाच सांगता येतो. एका देण्याचा एका वेळी एकच जिवंत प्रयत्न असावा:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_live_attempt ON attempt (due_id)
WHERE status NOT IN ('FAILED', 'RETURNED');
```

पहिला प्रयत्न `READY`, `SENT` किंवा `SUCCESS` असेपर्यंत दुसऱ्याची नोंदच होऊ शकत नाही, मग ती जॉबने करू पाहिली असो की रात्रपाळीच्या माणसाने हाताने. यादीतली `RETURNED` ही अवस्था एनईएफटीसाठी लागते. एनईएफटीचे व्यवहार डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये सेटल होतात, आणि समोरच्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही तर तिने ती बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असते. त्यामुळे आपल्या बँकेने ‘यशस्वी’ म्हटलेला व्यवहारही नंतर परत येऊ शकतो. परतावा आपल्या खात्यात जमा झालेला दिसला की नोंद `RETURNED` होते आणि मगच `-2` असा संदर्भ असलेल्या प्रयत्नाला वाट मोकळी होते.

पैशांइतकेच लक्ष कपातीकडे द्यावे लागते, आणि ती सहज निसटते. उत्पादकाने उचल घेतलेली असते आणि दर बिलातून पाचशे रुपये कापायचे असतात. हिशेबाच्या भागात `balance = balance - 500` अशी ओळ असेल तर पैसे पाठवण्याचा भाग कितीही चोख असला तरी हिशेब पुन्हा चालताच उचलीतून हजार वळते होतात, म्हणजे या वेळी नुकसान संस्थेचे. शिल्लक थेट बदलण्याऐवजी ‘या देण्यातून या उचलीपोटी पाचशे’ अशी खतावणीत ओळ घालावी, देणे आणि उचल या जोडीवर युनिक बंधन ठेवावे आणि शिल्लक त्या ओळींच्या बेरजेवरून काढावी. ओळ दुसऱ्यांदा पडणार नाही, त्यामुळे बेरीजही बदलणार नाही. ‘पैसे जमा झाले’ हा एसएमएस दोनदा गेला तर मात्र फारसे बिघडत नाही. त्यासाठी एवढी यंत्रणा उभारण्यात अर्थ नाही.

काही बँका एपीआयऐवजी फाइल घेतात: चारशे बारा ओळींची फाइल एसएफटीपीने एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि बँक ती उचलते. विचार तोच राहतो, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण चढवून मग तिचे नाव बदलावे, नाहीतर अर्धीच फाइल उचलली जाते. आणि फाइलच्या नावात वेळ घालू नये. काही बँका दुबार फाइल नावावरून ओळखतात, त्यामुळे तोच मजकूर नव्या नावाने गेला की तिथे तो नवाच ठरतो.

हे सगळे खरेच चालते का, हे पाहण्यासाठी जॉब मुद्दाम पाडावा लागतो. खोटी बँक लिहावी, जी आलेली प्रत्येक विनंती स्वतःच्या वहीत टिपते, कधी उत्तर देते, कधी पैसे पाठवल्याची नोंद करून गप्प बसते, आणि कधी विनंती दोन मिनिटे दाबून ठेवून मग पुढे सरकवते. मग जॉबमध्ये कमिटच्या आधी, कमिटनंतर, विनंती गेल्यावर, उत्तर आल्यावर अशा प्रत्येक ठिकाणी प्रोग्राम `kill -9` ने मारावा आणि पुन्हा चालवावा. तपासायची गोष्ट एकच आहे: खोट्या बँकेच्या वहीत प्रत्येक देण्यापुढे यशस्वी व्यवहार जास्तीत जास्त एक असावा, आणि पुरेशा वेळा चालवल्यावर तो बरोबर एक व्हावा. पहिला भाग मोडला तर पैसे दोनदा गेले. दुसरा मोडला तर कुणाचे तरी पैसे `SENT` मध्ये कायमचे अडकले. बहुतेक चाचण्या पहिलाच भाग पाहतात आणि दुसरा विसरतात.

खऱ्या बँकेबाबत ही खात्री खात्याच्या उताऱ्यावरून होते. रोज सकाळी उतारा आपोआप वाचून त्यातल्या वर्णनातून आपला संदर्भ काढावा, शेवटचा प्रयत्न क्रमांक वगळून देण्यांनुसार गट करावेत आणि परतावे वजा करून एखाद्या देण्यापुढे पैसे गेल्याच्या दोन नोंदी दिसतात का ते पाहावे. ही तपासणी जॉबच्या स्वतःच्या टेबलांवर अवलंबून नसावी, कारण जॉबची समजूत चुकली असेल तर त्याच्या टेबलांतही तीच चुकलेली समजूत असते. `SENT` मध्ये सहा तासांहून जास्त काळ राहिलेल्या नोंदींची यादी मात्र त्याच टेबलांतून काढून संस्थेच्या हिशेबनीसाकडे जावी. बँकेचे उत्तर नाही, उताऱ्यातही काही नाही, अशा नोंदीचे काय करायचे हे बँकेशी बोलून माणसाने ठरवायचे असते, आणि त्याने ‘आले नाही’ असे ठरवले तर ती नोंद `FAILED` करताना त्याचे नाव आणि बँकेच्या उत्तराची तारीख त्याच नोंदीत लिहिली जावी.